आधी गोळी, मग ढोल्या गणपती

सहल ठरवायला बसलं की पहिला प्रश्न ‘कुठे जायचं?’ हाच असतो. आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीतही तेच झालं. कुणी अष्टविनायकातले दोन म्हणालं, कुणी महाबळेश्वर, आणि ज्यांना घरातल्या घरात काठी लागते त्या काकांनी रायगडचा रोपवे काढला. संघात वयाने मी सगळ्यांत लहान, म्हणजे बासष्टची, आणि निम्मं आयुष्य औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली. तेव्हा सहलीचं काम माझ्याकडे येणार हे मी बैठकीला जातानाच ओळखलं होतं. मी म्हटलं, ठिकाण पंधरा दिवसांनी सांगते, आधी हा कागद भरून द्या.

कागदावर मोजके प्रश्न होते. कुठली गोळी किती वाजता घेता? इन्शुलिन आहे का? कमोड लागतो का? न थांबता किती पायऱ्या चढता? जमिनीवर बसलात तर आधाराशिवाय उठता येतं का? आणि शेवटचा, किती वेळाने लघवीला जावं लागतं? या शेवटच्या प्रश्नावर एक निवृत्त मुख्याध्यापक चांगलेच वैतागले. “अहो, सहलीचा फॉर्म आहे की दवाखान्याचा?” पण सगळ्या फॉर्मात याच प्रश्नाचा उपयोग सर्वांत जास्त झाला.

बहुतेकांनी सगळीकडे ‘त्रास नाही’ असं लिहून दिलं. हे मला अपेक्षित होतं. त्रास आहे असं लिहिलं तर नेणार नाहीत, ही भीती. म्हणून मी एकेकाच्या घरी फोन केला आणि जमेल तिथे घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलले. सासूबाईंना विचारलं तर काही नाही, सुनेला विचारलं तर यादी. मग कळलं की अठ्ठावीस जणांपैकी सतरा बायका, त्यातल्या बारा जणींना कमोडशिवाय चालत नाही, पाच जण लघवीची गोळी घेतात, चौघं इन्शुलिनवर, एका काकांना पार्किन्सन्स, आणि जमिनीवरून आपलं आपण उठू शकणारे जेमतेम सहा. एवढं हातात आल्यावर दिवसाचा आराखडा आपोआप दिसायला लागतो. दीड तासाच्या आत पहिला थांबा, साडेबाराला ताट, दुपारी पाठ टेकायला जागा, सातच्या आत घर. या चौकटीत बसणारं गाव शोधायचं. आमच्यासाठी ते वाई निघालं. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, मध्ये शिरवळ, आणि बसमधून उतरल्यावर फार न चालता बघण्यासारखं बरंच काही.

लघवीच्या गोळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण म्हाताऱ्या माणसांच्या सहलीत निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. ‘पाण्याची गोळी’ म्हणून जी हृदयाच्या किंवा पायावरच्या सुजेच्या पेशंटला देतात, ती बहुधा फ्युरोसेमाइड असते. ती घेतल्यावर तासाभरात काम सुरू करते, पहिल्या दोन तासांत सर्वांत जोरात असते आणि असर सहा ते आठ तास राहतो. रोज सकाळी आठला गोळी घेणारा माणूस साडेआठच्या बसमध्ये बसला तर काय होईल, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो दोनपैकी एक गोष्ट करतो. गोळी गुपचूप गाळतो, किंवा गोळी घेतो आणि पाणी पिणं बंद करतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. गोळी पाणी बाहेर काढतेच आहे, आत काही जात नाही, वर उन्हात फिरणं. मग दुपारी बसमधून उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते आणि सगळे म्हणतात, ऊन लागलं. दुकानात असताना सहलीहून परतलेल्या किती जणांकडून ही ‘ऊन लागल्याची’ गोष्ट ऐकली असेन.

म्हणून त्या पाचही जणांना मी आठवडाभर आधी आपापल्या डॉक्टरांकडे पाठवलं, फक्त एवढं विचारायला, की त्या दिवशी गोळीची वेळ बदलली तर चालेल का. तिघांना डॉक्टरांनी परतल्यावर संध्याकाळी घ्यायला सांगितली. एका काकूंना पहाटे साडेपाचला. पाचव्या गृहस्थांना वेळ अजिबात बदलायची नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांची सीट दाराजवळची ठेवली आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं की यांनी हात वर केला की पहिल्या बऱ्या जागी गाडी बाजूला घ्यायची. हा निर्णय डॉक्टरांचाच. माझ्यासारख्या काउंटरवाल्या बाईने किंवा संघाच्या सेक्रेटरीने परस्पर गोळ्यांच्या वेळा हलवू नयेत.

आता थांबा. हायवेवरच्या प्रसिद्ध हॉटेलात गाडी लावून ‘पंधरा मिनिटं हं’ म्हणायची पद्धत असते. मी एका आठवड्याच्या दिवशी यजमानांबरोबर जाऊन शिरवळच्या आसपासची स्वच्छतागृहं बघून आले. माणसं ठिकाणांची रेकी करतात, मी संडासांची केली. एका नावाजलेल्या जागी बायकांसाठी दोन खोल्या, त्यात कमोड एक. आमच्या बारा जणी, प्रत्येकीला साडी, काठी, गुडघे सांभाळत किमान चार मिनिटं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. आणि रांगेत उभं राहायचं ते ओल्या फरशीवर. त्याच रस्त्यावर थोडं पुढे एक साधं हॉटेल होतं, वर लॉजिंग. मालकांशी बोलून तळमजल्यावरच्या तीन खोल्या तासाभरासाठी घेतल्या, हॉटेलातला एक कमोड होताच. बारा जणी चार ठिकाणी, म्हणजे साधारण बारा मिनिटं. खोल्यांचे पैसे माणशी पसरले तर एका चहापेक्षा फार जास्त पडले नाहीत.

शिवाय सर्जिकलच्या दुकानातून दोन कमोड खुर्च्या भाड्याने घेऊन डिकीत टाकल्या होत्या. चार पायांची खुर्ची, मध्ये भोक, घडी होते. भांडं काढून ती भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवली की झाला कमोड. पायांना रबरी बूच आहेत ना आणि ते झिजलेले नाहीत ना, एवढं बघून घ्यायचं. वाईजवळच्या मेणवलीत याच खुर्चीने लाज राखली.

बस निवडताना सगळे एसी आणि पुशबॅक विचारतात. मी पहिली पायरी मोजली. घरच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. मोठ्या बसची पहिली पायरी जमिनीपासून सहज सव्वा ते दीड फुटावर. बदललेला गुडघा तिथेच अडतो. बारा-सतरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्त पडला असता, पण आत वाकून चालावं लागतं आणि सीटांमधली वाट अरुंद. म्हणून अठ्ठावीस माणसांना दोन-दोनच्या रांगांची मोठी बस घेतली. मागच्या चाकांवरच्या आणि त्यामागच्या सीटा रिकाम्या ठेवल्या, तिथे बॅगा. कारण गचके तिथेच जास्त बसतात आणि मणक्याच्या हाडांना ठिसूळपणा आलेल्या माणसाला एक गतिरोधकही पुरतो. पहिल्या पायरीसाठी सुताराकडून आठ इंच उंचीचा, रुंद, खाली रबर लावलेला लाकडी चौरंग करून घेतला. प्लास्टिकचं स्टूल अजिबात नको, ते एका बाजूला वजन पडलं की उलटतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे फिजिओथेरपीवाले शिकवतात ते दारात उभं राहून प्रत्येकाला सांगायचं काम एका उत्साही नातवाकडे दिलं होतं. त्याने ते दिवसभर इतक्या मोठ्याने केलं की संध्याकाळी ड्रायव्हरही ‘चांगला पाय आधी’ म्हणत होता.

निघायची वेळ साडेआठ. ‘सहाला निघू, गार गार पोहोचू’ हा तरुणांचा हिशेब. पंच्याहत्तरीनंतर सकाळचे दोन तास शरीराचे असतात: थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, मग चहा, मग कोठा साफ होणं, मग आंघोळ आणि पूजा. यातलं काही घाईत उरकलं तर त्याची किंमत प्रवासात द्यावी लागते. वार बुधवार घेतला. मंगळवार आणि चतुर्थी टाळली म्हणजे वाईच्या ढोल्या गणपतीला रांग नाही, शनिवार-रविवार टाळला म्हणजे हायवेला कोंडी नाही. महिना जानेवारीचा.

गाडी लागते म्हणून दोन काकूंनी आदल्या दिवशी अ‍ॅव्होमीन घ्यायचं ठरवलं होतं. मी फोन करून थांबवलं. त्या गोळीने म्हाताऱ्या माणसाला दिवसभर गुंगी येते, तोल जातो, कुणी कुणी बरळायलाही लागतं. आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते. त्यापेक्षा पुढची सीट, हलका नाश्ता आणि नजर समोर रस्त्यावर. आम्ही गेलो तेव्हा जाताना खंबाटकीचा घाट चढून जायचा होता. दोघींना ड्रायव्हरच्या मागे बसवलं आणि आले-लिंबाच्या गोळ्या दिल्या. उलटी कुणालाच झाली नाही. त्या गोळ्यांमुळे की सीटमुळे, देव जाणे.

औषधांची आठवण करून देण्याची सोपी वाटणारी युक्ती म्हणजे फोनचा गजर. बसमध्ये ती फसते. गजर वाजतो तो पिशवीत, पिशवी वरच्या फळीवर, आणि ज्याचा वाजतो त्याचं श्रवणयंत्र घरी. मी सगळ्यांचे कागद समोर ठेवून गोळ्यांच्या वेळा चार हाकांमध्ये बसवल्या: शिरवळला पोहोचल्यावर, जेवणाच्या अर्धा तास आधी, ताट वाढल्यावर आणि दुपारच्या चहाला. सात-सात जणांचा एक गट, प्रत्येक गटाला एक धडधाकट मदतनीस, त्याच्या हातात आपल्या सात जणांची चिठ्ठी. मदतनिसाने गोळी द्यायची नाही. माणसाने स्वतःच्या डबीतून काढून घ्यायची, मदतनिसाने फक्त बघायचं आणि खूण करायची. ज्यांना छातीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिलेली आहे त्यांनी ती खिशात किंवा ब्लाउजमध्ये ठेवायची, डिकीतल्या बॅगेत नाही. आणि ती घेतली तर बसून घ्यायची, कारण तिने बीपी एकदम उतरतं.

पार्किन्सन्सचे काका या चार हाकांत बसत नव्हते. त्यांची लेव्होडोपाची गोळी दर चार तासांनी, आणि ती अर्धा तास उशिरा गेली तरी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. घरी हे खपून जातं, बसच्या दारात नाही. त्यांची साडेअकराची गोळी असायची. आम्ही वाईत पोहोचणार होतो अकराच्या सुमाराला, म्हणजे गोळीचा जोर ओसरत आलेला असताना त्यांना उतरायला लागलं असतं. मग त्यांच्यासाठी वेगळं ठरवलं. त्यांनी बसमध्येच थांबायचं, साडेअकराला गोळी घ्यायची आणि ती चढली की पाऊण तासाने उतरायचं. या गोळीला प्रथिनं आडवी येतात, म्हणून ती जेवणाच्या बऱ्यापैकी आधी गेलेली चांगली. तेही जमून आलं. सव्वाबाराला ते उतरले, काठी टेकत स्वतःच्या पायांनी गणपतीपर्यंत गेले, आणि बाकीच्यांच्या गर्दीनंतर गेल्यामुळे निवांत दर्शन झालं त्यांचंच.

ढोल्या गणपती पाहायला वेळ लागत नाही, पण बघण्यासारखं एक आहे. रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत सपाट नाही. कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून ती निमुळती केलेली आहे. आमच्यातले एक निवृत्त इंजिनियर तिथेच रमले, त्यांना मूर्तीपेक्षा भिंत जास्त आवडली. वैतागलेल्या मुख्याध्यापकांना हवं होतं ते मराठी विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जिथून विश्वकोशाचं काम चालवलं ते गाव बघायचं म्हणून तर ते आले होते. बुधवार असल्याने कार्यालय उघडं होतं. ते आणि आणखी तिघं रिक्षाने जाऊन आले.

जेवण एका घरगुती खाणावळीत सांगितलं होतं. मऊ भाकरी, वरणभात, मुगाची खिचडी, भोपळ्याची भाजी, ताक. तिखट बाजूला वाटीत. इन्शुलिनवाल्यांना एकच नियम: ताट डोळ्यांनी दिसल्याशिवाय सुई टोचायची नाही. ‘दहा मिनिटांत वाढतो’ हे कुठल्याही खाणावळीचं वाक्य विश्वासाचं नसतं. त्यांनी पेनं बर्फाच्या पिशवीत आणली होती, ती मी बर्फावरून काढून घेतली. वापरात असलेलं पेन एका दिवसासाठी साध्या सावलीतल्या तापमानाला चालतं; बर्फाला टेकून गोठलं तर ते इन्शुलिन गेलं. बसच्या काचेजवळ उन्हातही नको.

तरीही साखरेने गाठलंच, आणि गाठलं ते इन्शुलिनवाल्यांपैकी कुणाला नाही. ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे एक काका बाराच्या सुमाराला अचानक शेजाऱ्याशी जागेवरून भांडायला लागले. स्वभावाने अत्यंत गरीब माणूस. लोक हसत होते, पण मी त्यांचा हात धरला तर तळवा गार आणि ओला. ग्लुकोमीटरवर 58. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. सकाळची गोळी त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली होती आणि बसमध्ये पोट बिघडू नये म्हणून नाश्ता मात्र अर्धाच केला होता. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, 84 झाली होती. इथे थांबून चालत नाही. या गोळीचा असर लांब चालतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्यांना सगळ्यांच्या आधी ताट वाढलं आणि तीन वाजता पुन्हा मोजली. कंप आणि धडधड ही नेहमीची लक्षणं त्यांना जाणवली नव्हती, कारण बीपीसाठी ते बीटा ब्लॉकर घेतात आणि त्याने ती झाकली जातात. घाम तेवढा झाकला जात नाही. अशा वेळी शुगर-फ्री बिस्किटाचा पुडा पुढे करणारं कुणीतरी असतंच. त्याचा उपयोग शून्य.

जेवणानंतर लगेच ‘चला, मेणवली’ म्हणायचा मोह आवरला. वयस्क माणसाचं बीपी जेवणानंतरच्या तासा-दोन तासांत उतरतं, आणि पडणं बऱ्याचदा तेव्हाच होतं. विश्रांतीसाठी मंगल कार्यालयवाले दोन हॉल आणि गाद्या देत होते, फुकटात. गाद्या जमिनीवर. आमच्यातल्या बावीस जणांना तिथून उठवायला क्रेन लागली असती! मी तीन मोठ्या खोल्या असलेलं लॉज घेतलं, खाटांवर ज्यांची पाठ दुखते ते, बाकीच्यांना हात असलेल्या खुर्च्या. हाताशिवायच्या खुर्चीतून उठताना माणूस समोरच्या टेबलावर भार टाकतो, आणि टेबल सरकतं.

करमणूक मी मुद्दाम बसमध्ये ठेवली नव्हती. इंजिनाच्या आवाजावर माइक चढवला की श्रवणयंत्र लावणाऱ्याला ते डोक्यात घणासारखं बसतं, आणि यंत्र काढलं की काहीच ऐकू येत नाही. तीन वाजता लॉजच्या अंगणात हाउजी झाली. तिकिटं ए-फोर कागदावर मोठ्या आकड्यांत छापून घेतलेली, आकडा दोनदा पुकारायचा आणि फळ्यावर लिहायचा. मग गाणी. कराओकेवर जुन्या गाण्यांच्या मूळ पट्टीत सत्तरीतला आवाज चढत नाही, ताणला जातो आणि मग माणूस ओशाळून बसतो. आमच्यातल्याच एक काकू पेटी वाजवतात. त्यांनी प्रत्येकाला आधी एक ओळ गुणगुणायला लावून पट्टी दोन-तीन स्वर खाली घेतली. जे कधी गात नाहीत तेही गायले, आणि त्यांतल्या दोघांना पुन्हा थांबवणं अवघड गेलं.

मेणवलीला पोहोचायला चार वाजले. नाना फडणवीसांचा वाडा सपाटीवर, पण त्याच्यामागे कृष्णेच्या घाटावर उतरायला पायऱ्या. कोण उतरणार हे फॉर्मवरून आधीच ठरलं होतं, तिथे उभं राहून आग्रह करणं बंद. नऊ जण खाली गेले, वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा बघून आले. बाकीचे वर सावलीत खुर्च्यांवर चहा पीत बसले, आणि खालून आलेल्यांचे फोटो बघून त्यांनाच माहिती सांगू लागले.

परतीचा थांबा पुन्हा शिरवळचा, त्याच खोल्या. बसमध्ये दर अर्ध्या तासाने घोटे गोल फिरवायला लावत होते. एवढ्या वेळ पाय लोंबते राहिले की सूज येतेच. कोथरूडला सव्वासात झाले, मला सातला हवे होते. जानेवारीत साडेसहाच्या सुमाराला अंधार पडतो, म्हणजे शेवटचा पाऊण तास अंधारातच गेला. पुढच्या वेळी मेणवली किंवा गाणी यातलं एक कमी करावं लागेल, आणि गाणी कमी करू देणार नाहीत हे आत्ताच दिसतंय. प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला घरचं माणूस किंवा मदतनीस, आणि संध्याकाळवर ढकललेल्या लघवीच्या गोळ्यांची तिघांना शेवटची हाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी सगळ्यांना फोन केले. पायाला सूज आहे का, रात्री किती वेळा उठलात, कालच्या डबीत एखादी गोळी उरली आहे का. दोघांच्या डबीत उरली होती. पाय सुजलेले चौघं, त्यातल्या एका काकूंची सूज एकाच पायाला आणि पोटरी दुखत होती, म्हणून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्ताची गुठळी नाही असं संध्याकाळी कळलं. मुख्याध्यापकांनी फोनवर तक्रार केली, की पुढच्या फॉर्ममध्ये ‘कोणतं पुस्तक वाचताय’ असाही एक प्रश्न घाला. घालणार आहे. लघवीच्या प्रश्नाच्या खाली.